ड्युटी लिस्ट किती दिवस आधी लावायची?

शनिवारी संध्याकाळी वॉर्डातल्या बोर्डावर पुढच्या आठवड्याची ड्युटी लिस्ट लागते आणि सोमवारपासून ती सुरू होते. महाराष्ट्रातल्या कितीतरी रुग्णालयांत हाच रिवाज आहे. मधे एक रविवार मिळतो. ज्या सिस्टरला सोमवारी रात्रपाळी लागली आहे, तिला त्या एका रविवारात मुलाला कोण सांभाळणार, डबा कोण करणार, सासूबाईंना दवाखान्यात कोण नेणार, हे सगळं ठरवायचं असतं. इनचार्ज सिस्टरला विचारलं तर ती सांगते, "आधी लावून काय उपयोग? रोज बदलते." तिचं म्हणणं खरं असतं. पण लिस्ट रोज का बदलते आणि ती उशिरा लावल्याने बदल खरोखर कमी होतात का, हे सहसा कुणी तपासत नाही.

किती दिवस आधी, याला जगभर वेगवेगळी उत्तरं दिली गेली आहेत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने 2014 साली साखळी दुकानांतल्या कामगारांसाठी कायदा केला. वेळापत्रक दोन आठवडे आधी द्यायचं, आणि सात दिवसांपेक्षा कमी मुदतीत ते बदललं तर कामगाराला एक ते चार तासांचा जादा पगार द्यायचा. पुढे सिएटल शहर आणि ओरेगॉन राज्यही चौदा दिवसांवर आलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत ज्युनिअर डॉक्टरांच्या हाती सहा आठवडे आधी ड्युटी लिस्ट पडावी, असा संकेत आहे. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्यात कामाच्या वेळांचा तक्ता लावणं बंधनकारक केलं होतं आणि एकदा बदल केल्यावर, निरीक्षकाची आधी परवानगी घेतल्याशिवाय, आठवडाभर दुसरा बदल करता येत नसे.

चौदा दिवस किंवा सहा आठवडे हा आकडा मात्र एका वॉर्डातून उचलून दुसऱ्या वॉर्डात तसाच बसवता येत नाही. लिस्ट आधी लावली की घरची व्यवस्था लावायला वेळ मिळतो. पण जितकी आधी लावावी, तितक्या न कळलेल्या गोष्टी तिच्यात राहून जातात आणि पुढे खाडाखोड वाढते. दोन महिने आधी लावलेली आणि नंतर अर्धी खोडलेली लिस्ट ही दोन दिवस आधी लावलेल्या लिस्टपेक्षा वाईट, असं मला वाटतं, कारण तिच्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही.

यातून वाट निघते ती एका साध्या गोष्टीकडे लक्ष दिलं की. लिस्टमधल्या सगळ्या चौकटी सारख्या नसतात. रात्रपाळी कधी आणि ऑफ कधी, हे माणसाला सगळ्यात आधी हवं असतं. आणि नेमकं हेच रुग्णसंख्येवर सगळ्यात कमी अवलंबून असतं, कारण वॉर्ड भरलेला असो की अर्धा रिकामा, रात्री किमान दोघी लागतातच. सकाळ की दुपार, हे मात्र थोडं उशिरा कळलं तरी चालतं. म्हणून लिस्ट एकाच दिवशी सबंध लावण्याऐवजी दोन टप्प्यांत लावावी: आधी नाईट आणि ऑफ, मग सकाळ-दुपार.

एक उदाहरण हिशेबाने पाहू. तीस खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड घ्या. सकाळी 7 ते 3, दुपारी 3 ते रात्री 11, आणि रात्री 11 ते सकाळी 7 अशा तीन पाळ्या. सकाळी चौघी, दुपारी तिघी, रात्री दोघी, म्हणजे रोजच्या नऊ ड्युट्या. चार आठवड्यांच्या झाल्या 252. प्रत्येक सिस्टरला आठवड्याला एक ऑफ धरला तर तिच्या वाट्याला 28 दिवसांत 24 ड्युट्या येतात. वॉर्डात इनचार्ज सोडून तेरा सिस्टर आहेत, त्यांतली एक बाळंतपणाच्या रजेवर. उरल्या बारा, त्यांच्या 288 ड्युट्या. आधीच मंजूर झालेल्या अर्जित आणि किरकोळ रजा व ट्रेनिंग मिळून वीस दिवस जातात. हाती राहतात 268. गरज 252 ची. म्हणजे सोळा ड्युट्या जादा.

या सोळा ड्युट्या लिस्टचा सगळ्यात मोलाचा भाग आहेत. ताप, पाय मुरगळणं, घरात अचानक काही होणं, हे सगळं याच सोळांतून भागवायचं असतं. बहुतेक ठिकाणी त्या सकाळच्या पाळीत विरघळून जातात. एका सकाळी पाच जणी दिसतात, दुसऱ्या सकाळी चार, आणि कुणी आजारी पडलं की मग शोधाशोध. त्याऐवजी त्या मुद्दाम वेगळ्या ठेवाव्यात. आठवड्याला चार दिवस एका सिस्टरच्या नावापुढे 'राखीव' असं लिहावं. अर्थ एवढाच, की तिची ड्युटी सकाळची आहे, पण गरज पडली तर ती त्या दिवशी दुपारला जाईल. हे तिला दोन आठवडे आधी माहीत असतं, म्हणून त्या दिवशी ती घरी दोन्ही पर्यायांची तयारी ठेवते. वॉर्डात कुणी आजारी पडलं नाही तर पाचवी सिस्टर नव्या रुग्णांच्या भरतीला मदत करते, औषधांच्या कपाटाचा हिशेब जुळवते. ती ड्युटी वाया जात नाही.

आता याच वॉर्डात एक सिस्टर राजीनामा देऊन गेली आणि जागा भरली नाही, असं धरा. अकरा जणींच्या 264 ड्युट्या, त्यातून वीस वजा, उरल्या 244. गरज तीच, 252. लिस्ट बोर्डावर लागण्याआधीच आठ ड्युट्यांनी मोडलेली आहे. ती एक दिवस आधी लावा किंवा महिनाभर आधी, बदल होणारच, कारण त्या आठ ड्युट्या कुणाचा तरी ऑफ रद्द करून किंवा डबल ड्युटी लावूनच भरणार. "लिस्ट रोज बदलते" म्हणणाऱ्या इनचार्जने पहिल्यांदा ही वजाबाकी करावी आणि उत्तर उणे आलं तर कागद मेट्रनपुढे ठेवावा. ती आठ ड्युट्यांची उणीव दुसऱ्या वॉर्डातून, बदली कर्मचाऱ्यांकडून की जादा मोबदल्यावर भरायची, हा निर्णय लिस्ट लागण्याआधी आणि वरच्या पातळीवर व्हायला हवा. तो दर सकाळी फोनवर, ज्या सिस्टरला नाही म्हणता येत नाही तिच्यावर ढकलला जातो, हा मला उघड अन्याय वाटतो.

तेरा सिस्टरच्या वॉर्डाकडे परत येऊ आणि तारखा लावू. समजा लिस्ट सोमवारी 1 जूनला सुरू होऊन 28 जूनला संपते. कामावर असलेल्या बारा जणींच्या मिळून 336 चौकटी. त्यांतल्या 56 रात्रींच्या, 48 ऑफच्या आणि वीस रजेच्या. या 124 चौकटी 4 मे रोजी, म्हणजे चार आठवडे आधी लावता येतात. त्यासाठी रिक्वेस्टची वही 27 एप्रिलला बंद करायची. मधला आठवडा इनचार्जला रात्री वाटायला लागतो. चार-चार रात्रींचे चौदा गट होतात आणि सिस्टर बारा, म्हणजे दोघींना दोन गट येणार. कोणत्या दोघी, हे मागच्या लिस्टा पाहून ठरवायचं आणि लिस्टच्या खाली लिहून टाकायचं. नाहीतर पुढच्या महिन्यात त्याच दोघी पुन्हा सापडतात.

उरलेल्या सकाळ-दुपारच्या चौकटी दोन आठवड्यांच्या तुकड्यांनी लावायच्या: पहिला पंधरवडा 18 मे रोजी, दुसरा 1 जूनला. इथे उशीर करण्याला कारण आहे. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात. मुलाची शाळा सकाळच्या सत्रात की दुपारच्या, व्हॅन मिळाली की नाही, हे एप्रिलच्या शेवटी कुठल्याच आईला नक्की माहीत नसतं. तेव्हा तिने लिहिलेली रिक्वेस्ट जूनमध्ये बदलणार, हे ठरलेलं. जे अजून ठरलंच नाही ते आधी विचारून घेतल्याने लिस्ट पक्की होत नाही.

एका गोष्टीला मात्र चार आठवडेही पुरत नाहीत, ती म्हणजे सणाची रजा. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. गणपती सप्टेंबरच्या मध्यात असतील तर कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट जुलैच्या मध्यात, आरक्षण उघडेल त्या सकाळीच काढावं लागतं. ज्या सिस्टरला रजेचं ऑगस्टमध्ये कळणार, तिने एकतर रजेची हमी नसताना तिकीट काढायचं किंवा गाडी सोडून द्यायची. म्हणून मुंबई-ठाण्यातल्या वॉर्डांत गणपती, दिवाळी आणि नाताळ या तीन रजा नेहमीच्या लिस्टपासून वेगळ्या काढून, आरक्षण उघडण्याच्या आठवडाभर आधी ठरवाव्यात. गणपतीला गेलेली दिवाळीला वॉर्डात, असा साधा करार बहुतेक जणी मान्य करतात, फक्त तो सणाच्या तोंडावर नव्हे तर आधी व्हायला हवा.

लिस्ट लागली की खरा प्रश्न सुरू होतो. माझ्या मते इथे एक हक्कबदल होतो, आणि तो सगळ्यांना स्पष्ट माहीत असला पाहिजे. लागेपर्यंत लिस्ट इनचार्जची असते. लागल्यावर प्रत्येक चौकट त्या त्या सिस्टरची. इनचार्जला ती बदलायची असेल तर विचारावं लागेल, नुसतं कळवून भागणार नाही. आणि सिस्टरला बदलायची असेल तर तिने तोलामोलाची दुसरी चौकट आणून द्यायची.

सिस्टर आपसांत करतात त्या अदलाबदलीत एक चूक सर्रास होते: ज्या दिवसाची अदलाबदल, तेवढाच दिवस पाहिला जातो. कल्याणहून येणाऱ्या सिस्टरची गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारपाळी आहे. शुक्रवारी संध्याकाळी मुलाचा कार्यक्रम आहे. दादरच्या सिस्टरची शुक्रवारी सकाळ आहे, ती म्हणते, "मी दुपार करते, तू सकाळ घे." दोघी खूश. पण कल्याणच्या सिस्टरची गुरुवारची दुपारपाळी रात्री 11 ला संपणार. ओव्हर देऊन, स्टेशन गाठून घरी पोहोचेपर्यंत एक वाजणार, आणि शुक्रवारी सकाळी 7 ला ओव्हर घ्यायला पाचच्या सुमाराला घर सोडावं लागणार. कागदावर दोन पाळ्यांमध्ये आठ तास आहेत, झोप मात्र तीन-साडेतीन तासांची. अशा सकाळी इन्सुलिनचं माप चुकतं.

मग दोन्ही दिवस बदलून पाहायचे. दादरच्या सिस्टरची गुरुवारीही सकाळच आहे, तेव्हा तिने गुरुवार-शुक्रवार दुपार करायची आणि कल्याणच्या सिस्टरने दोन्ही दिवस सकाळ. आता कडेचे दिवस तपासायचे. कल्याणच्या सिस्टरचा बुधवारी ऑफ आहे, म्हणून गुरुवारच्या सकाळीआधी विश्रांती आहे. दादरच्या सिस्टरचा शनिवारी ऑफ आहे, म्हणून शुक्रवारी रात्री उशिरा सुटली तरी दुसऱ्या सकाळी यायचं नाही. बदल चालेल. बुधवारी दुपारपाळी किंवा शनिवारी सकाळ असती तर तोच त्रास एक दिवस मागे किंवा पुढे सरकला असता. यासोबत आणखी एक गोष्ट पाहायची असते. बदलानंतर त्या पाळीत निदान एक अनुभवी सिस्टर उरते का? दोन नव्या मुलींच्या हाती रात्र सोपवणारी अदलाबदल दोघींच्या सोयीची असली तरी इनचार्जने नाकारावी.

दुसरा प्रकार आयत्या वेळचा. पहाटे साडेपाचला फोन येतो, ताप आहे, येता येत नाही. त्या क्षणी विचार करायला कुणाला वेळ नसतो, म्हणून कुणाला कोणत्या क्रमाने विचारायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं असावं. त्या दिवशी 'राखीव' असेल तर प्रश्न मिटला, ती सकाळीच वॉर्डात आहे. नसेल तर शेजारच्या वॉर्डात पाचवी सिस्टर आहे का, हे विचारायचं. तिथेही नसेल तर ज्यांनी जादा ड्युटीसाठी आपणहून नाव दिलं आहे त्यांना फोन. त्यानंतर दुपारपाळीच्या सिस्टरला लवकर येण्याची विनंती. नाईट करून दमलेल्या सिस्टरला थांबवणं सगळ्यात शेवटी, आणि तेही पर्यायी माणूस येईपर्यंत, फार तर दोन तास. पूर्ण सकाळ तिच्याकडून करून घेतली की सलग सोळा तास होतात. पुष्कळ ठिकाणी नेमका उलटा क्रम चालतो. जी समोर उभी आहे तिलाच "आज कंटिन्यू कर" म्हणतात, कारण तिला विचारायला फोनही करावा लागत नाही.

अशा आयत्या वेळच्या बदलाची किंमत संस्थेने मोजली पाहिजे. अमेरिकेतल्या त्या शहरांनी ती पैशांत ठरवली. आपल्याकडे बहुधा बदली ऑफ मिळतो, तोही "नंतर बघू" या शब्दांवर. मग तो साचत जातो, आणि सहा महिन्यांनी सिस्टरच्या खात्यावर नऊ ऑफ आणि वॉर्डात द्यायला माणूस नाही, अशी गाठ बसते. यावर उपाय सोपा आहे. ऑफ रद्द करताना त्याच पानावर, त्याच वेळी, नव्या ऑफची तारीख लिहायची, आणि ती चालू चार आठवड्यांतलीच हवी. तारीख लिहिता येत नसेल तर तो ऑफ रद्द करायचा नाही.

नोंदीची पद्धत क्षुल्लक वाटेल, पण सर्वात जास्त गोंधळ तिथेच होतो. लिस्ट लागली की प्रत्येक जण मोबाइलवर तिचा फोटो काढते. नंतर कागदावर बदल होतो, फोटो जुनाच राहतो. मग रविवारी दुपारी दोघीच येतात, किंवा सकाळी सहा जणी हजर होतात. खाडाखोड व्हाइटनरने झाकली असेल तर आधी काय होतं हेही कळत नाही. त्यापेक्षा जुनी नोंद वाचता येईल अशी एका रेघेने खोडावी, शेजारी नवी लिहावी, दोघींची आणि इनचार्जची सही घ्यावी. पानाच्या डोक्यावर 'बदल 3, दि. 9 जून' असा क्रमांक आणि तारीख टाकावी आणि लगेच त्या पानाचा फोटो वॉर्डाच्या ग्रुपवर टाकावा. ज्या फोटोवरचा क्रमांक मोठा, तो खरा.

या रेघांचा आणखी एक उपयोग होतो. महिना संपला की खोडलेल्या चौकटी मोजायच्या आणि प्रत्येकीपुढे कारण लिहायचं. लिस्ट लागल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच पुष्कळ बदल झाले असतील तर रिक्वेस्टची वही नीट वाचली गेली नव्हती, किंवा ती उघडी आहे हे सगळ्यांना माहीत नव्हतं. सिस्टरनी केलेल्या अदलाबदली तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांतच दाटल्या असतील तर लिस्ट गरजेपेक्षा आधी लावली जाते आहे. सकाळ-दुपारचा टप्पा आठवडाभर पुढे सरकवून पाहावा. बदल महिनाभर सारखे पसरलेले आणि बहुतेक आजारपणाचे असतील तर किती दिवस आधी लावायची, याचा इथे संबंध नाही. तिथे राखीव ड्युट्याच वाढवाव्या लागतात. आणि एकाच सिस्टरच्या चौकटी पुन्हा पुन्हा खोडल्या जात असतील तर दोन शक्यता असतात. एक तर तिच्या घरी काहीतरी बिकट चाललं आहे, नाहीतर ती कधी नाही म्हणत नाही म्हणून सगळे तिलाच फोन करतात.

कारणांच्या यादीत एक अनपेक्षित गोष्टही सापडते. अमेरिकेतल्या गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानांत 2015-16 च्या सुमारास जोन विल्यम्स, सुझन लँबर्ट आणि सरवणन केशवन यांनी एक प्रयोग केला. वेळापत्रक दोन आठवडे आधी सगळ्याच दुकानांत लागत होतं, काही दुकानांत त्याशिवाय पाळ्यांच्या वेळा ठरावीक ठेवल्या, आपसांत ड्युटी बदलायला मोबाइलवर सोय दिली. तिथली विक्री सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. त्याहून महत्त्वाचं हे, की वेळापत्रक ढासळण्याचं मोठं कारण गिऱ्हाइकांची कमी-जास्त गर्दी नव्हतंच. ते मुख्यालयातून येत होतं: मालाच्या खेपांचे बदललेले दिवस, ऐन वेळी जाहीर केलेल्या सवलती, वरिष्ठांच्या भेटी.

रुग्णालयात याची भावंडं सहज सापडतात. तीन दिवस आधी कळवलेलं ट्रेनिंग, मान्यतेसाठी येणारं तपासणी पथक, रविवारचं आरोग्य शिबिर, पाहुण्यांची भेट. "रुग्ण काय सांगून येतात का?" असं म्हणून सगळी अस्थिरता रुग्णांच्या नावावर टाकली जाते, पण वॉर्डात तीस खाटा आहेत म्हटल्यावर किमान माणसं ठरलेलीच असतात. महिन्याच्या खोडलेल्या चौकटींपैकी कार्यालयाच्या पत्रांमुळे किती खोडल्या गेल्या, हा आकडा इनचार्जने वेगळा काढून मेट्रनकडे द्यावा. ट्रेनिंगच्या तारखा रिक्वेस्टची वही बंद होण्याआधी, म्हणजे जूनचं ट्रेनिंग असेल तर 27 एप्रिलच्या आत, वॉर्डाला कळवायच्या, असा नियम मग कार्यालयालाही लावता येतो. तारीख चुकली तर ते ट्रेनिंग पुढच्या लिस्टमध्ये घ्यायचं.